वहीतल्या सर्किटचा फोटो आणि अस्पष्ट खुणा: होकार कशाच्या आधारावर द्यायचा?

प्रश्न: माझं शेत रावेर तालुक्यात आहे, केळी आहे. बोअरचं पाणी हौदात पडतं आणि तिथून ठिबकला जातं. हौद भरला की मोटार आपोआप बंद व्हावी म्हणून ओळखीच्या एकाने वहीत सर्किट काढून दिलं. फोटो जोडला आहे. काही खुणा मलाच नीट कळत नाहीत. सामान तर स्वस्तात येतंय. हे चालेल का?

उत्तर: दादा, आधी थोडक्यात सांगतो. बारा व्होल्टचा भाग किरकोळ बदल करून चालेल. पण या कागदावरून थेट स्टार्टरच्या पेटीत वायर जोडू नका. त्या बाजूची एक खूण वेगवेगळ्या प्रकारे वाचता येते आणि त्यातून जिवावर बेतू शकतं.

भुसावळला पंपाचे स्टार्टर आणि पॅनल दुरुस्त करायचं माझं काम आहे. असे कागद सतत समोर येतात आणि सगळे हाच प्रश्न विचारतात. अडचण अशी की फोटोत दिसतं ते सर्किट म्हणजे काढणाऱ्याच्या मनातलं सर्किट असेलच असं नाही. म्हणून मी अस्पष्ट खूण अंदाजाने पुरी करत नाही. तिचे जेवढे अर्थ निघतील तेवढे घेतो आणि प्रत्येक अर्थाने जोडलं तर काय होईल ते पाहतो. दोन्ही अर्थांनी काम होत असेल तर ती खूण सोडून देतो. एका अर्थाने नुसतं काम होणार नसेल, तर ते टेबलावर तपासताना कळतंच. पण एका अर्थाने काही जळणार असेल किंवा कुणाला शॉक बसणार असेल, तर काढणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. तुमच्या कागदावर या तिन्ही प्रकारच्या खुणा आहेत.

मला काय दिसतंय ते आधी सांगतो, चुकत असेल तर लगेच थांबवा. वर बारा व्होल्टची अधिक लाइन आहे, खाली उणे. अधिककडून रिलेची कॉइल खाली ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला येते आणि एमिटर उणेला जातो. कॉइलला समांतर एक डायोड आहे. हौदात दोन सळ्या आहेत. एक अधिकला जोडलेली, दुसरी एका रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला. पाणी दोन्ही सळ्यांना टेकलं की पाण्यातून थोडा करंट बेसला मिळतो, ट्रान्झिस्टर चालू होतो, रिले ओढला जातो आणि रिलेचा कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या कॉइलची वाट तोडतो. कल्पना जुनी आणि सरळ आहे.

आता खुणा. रेझिस्टरवर जे लिहिलंय ते मला ‘९ के’ वाटतं, पण ते ‘१ के’ असावं. आपल्याकडे हा घोळ नेहमी होतो. मराठी एक आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिले की सारखेच दिसतात, आणि एकाच कागदावर दोन्ही लिपींचे आकडे मिसळलेले असतात. इथे ठरवणं सोपं आहे. दुकानात ९ के सहसा मिळत नाही, ८.२ के मिळतो, १० के मिळतो. त्यामुळे तो १ के आहे असं मी धरतो. आणि चुकून १० के लागला तरी फारसं बिघडत नाही, कारण त्याच वाटेवर पाण्याचा स्वतःचा रोध काही दहा हजार ओहमांचा असतो. हा रेझिस्टर ठेवलाय तो सळ्या एकमेकींना चिकटल्या तर बेसमधून भलता करंट जाऊ नये म्हणून. ही खूण सोडून द्या.

हौदाकडून बेसकडे येणारी रेघ एमिटरच्या रेघेला आडवी जाते आणि त्या जागी शाईचा ठिपका आहे. ठिपका म्हणजे जोड, असा रिवाज आहे. पण तो खरंच जोड असेल तर सळीवरून आलेला करंट बेसपर्यंत न जाता सरळ उणेला जाईल आणि ट्रान्झिस्टर कधीच चालू होणार नाही. कधीच चालू होऊ नये म्हणून कुणी ट्रान्झिस्टर काढत नाही. म्हणजे रेघा नुसत्या एकमेकींवरून गेल्यात आणि ठिपका पेन टेकल्याचा आहे, किंवा मागच्या पानाची शाई उमटली आहे. अर्थ पक्का करायला काढणाऱ्याचा हेतू असा कामी येतो. अर्थात हेतूवरून काढलेला निष्कर्ष तपासावाच लागतो, पण इथे चुकलो तर हौद भरूनही रिले ओढला जाणार नाही एवढंच होईल. काही जळणार नाही.

ट्रान्झिस्टरवर बीसी ५४७ आहे की ५५७ ते फोटोत कळत नाही, घाईत काढलेला चार पाचासारखा झालाय. बाणही पुसट आहे. ५४७ एनपीएन असतो, त्याचा बाण एमिटरवर बाहेरच्या दिशेने असतो. ५५७ पीएनपी, त्याचा बाण आतल्या दिशेने. तुमच्या कागदावर रिले कलेक्टर आणि अधिकच्या मध्ये आहे, एमिटर उणेला आहे आणि बेसला करंट अधिककडून येतो. ही मांडणी फक्त एनपीएनलाच जमते. म्हणून ५४७ घ्या. बाण दिसत नसला तरी आजूबाजूच्या जोडण्या उत्तर देतात.

डायोडचं मात्र असं नाही. त्रिकोण दिसतो, पण त्याच्या टोकाची आडवी रेघ कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. रिले सुटतो तेव्हा कॉइलमधून उलटा झटका येतो आणि तो गिळायला हा डायोड असतो. त्यामुळे १एन४००७ ची चंदेरी पट्टी अधिकच्या बाजूलाच हवी. उलटा बसवला तर ट्रान्झिस्टर चालू होताच करंट कॉइल सोडून डायोडमधून जाईल. कॉइलवर जेमतेम एक व्होल्ट उरेल, रिले ओढला जाणार नाही आणि उरलेले अकरा व्होल्ट ट्रान्झिस्टरच्या अंगावर येतील. साठ-सत्तर मिलीअँपिअर जरी वाहिले तरी पाऊण वॅटच्या आसपास उष्णता होते, आणि बीसी ५४७ ची मर्यादा साधारण अर्ध्या वॅटची आहे. हौद पहिल्यांदा भरेल तेव्हा बोट लावलं तर चटका बसेल, मग तो जाईल. डायोड अजिबात लावला नाही तर आज काम होईल आणि काही दिवसांनी ट्रान्झिस्टर विनाकारण गेला असं वाटेल. ट्रान्झिस्टर जळतो म्हणून ही तिसऱ्या प्रकारची खूण, पण पट्टीची बरोबर बाजू एकच असल्यामुळे काढणाऱ्याला विचारायची गरज नाही. नुकसान पाच-दहा रुपयांचं आहे, पण बसवण्याआधी पट्टी बघून घ्या.

खुणा सगळ्या स्वच्छ असत्या तरी एक प्रश्न कागदावर दिसलाच नसता: पाण्यातून मिळणारा करंट रिले ओढायला पुरतो का? याचं उत्तर तुमच्या बोअरवर अवलंबून आहे. सामान्य बारा व्होल्ट रिलेची कॉइल चारशे ओहमची असते, म्हणजे तिला ३० मिलीअँपिअर लागतात. आता एक काम करा. ज्या बोअरचं पाणी आहे तेच बादलीत घ्या, सळ्या हौदात जेवढ्या अंतरावर आणि जेवढ्या बुडणार आहेत तेवढ्याच ठेवा. बारा व्होल्टचा अडॅप्टर, एक के रेझिस्टर आणि दोन सळ्या एकामागे एक जोडा आणि मल्टीमीटरने रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजा. पाण्याचा रोध मीटरच्या ओहमवर थेट मोजू नका. सळ्यांच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया सुरू होते आणि आकडा सरकत राहतो.

समजा मीटरवर ०.३ व्होल्ट आले. एक के म्हणजे तेवढाच, ०.३ मिलीअँपिअर करंट. प्रत्यक्ष सर्किटमध्ये बेस आणि एमिटरच्या मध्ये पाऊण व्होल्ट खर्च होतो, म्हणून ०.२८ धरू. बीसी ५४७ हा करंट किमान ११० पट करतो असं कंपनी सांगते. गुणाकार केला तर ३१ येतो. आपल्याला हवेत ३०. म्हणजे कागदावर काठावर पास. त्यात अडॅप्टर जरा कमी व्होल्ट देत असेल किंवा सळीवर क्षार चढला, तर रिले अर्धवट ओढेल आणि थरथरेल. दुसऱ्या कुणाकडे हेच सर्किट व्यवस्थित चालतं याचं कारणही इथेच आहे: त्याच नावाच्या ट्रान्झिस्टरची पट ११० पासून ८०० पर्यंत कितीही असू शकते. त्यांच्या हाती ३०० वाला लागला असेल, किंवा त्यांचं पाणी जास्त खारं असेल.

म्हणून माझा बदल असा: दोन बीसी ५४७ लावा. पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दोघांचे कलेक्टर एकत्र रिलेला, दुसऱ्याचा एमिटर उणेला. पट गुणाकाराने वाढते, मग ०.२८ मिलीअँपिअर भरपूर होतात. या जोडीवर पाऊण-एक व्होल्ट जातो, तरी रिलेला अकरा उरतात आणि तेवढ्यात तो ठामपणे ओढतो. फक्त ही जोडी इतकी संवेदनशील होते की सळ्यांच्या मधल्या पट्टीवर ओल धरली तरी चालू होऊ शकते. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस आणि उणे यांच्यामध्ये १०० के टाकला की तो त्रास थांबतो.

सळ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. डीसीमुळे अधिकची सळी झिजत जाते, लोखंडाची तर लवकर. वर्षातून एकदा काढून घासून बघा.

आता ती खूण, जिच्यामुळे मी सुरुवातीलाच थांबा म्हटलं. एकाखाली एक लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा कागदावर दोन ठिकाणी आहेत. एक एमिटरखाली, उणेजवळ. दुसरी अडॅप्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला, जिथे एका वायरवर ‘फेज’ लिहिलंय आणि दुसरी वायर या तीन रेघांवर संपते. इलेक्ट्रॉनिक्सवाले ही खूण ‘शून्य व्होल्टची सामायिक लाइन’ म्हणून काढतात. वायरमनच्या कागदावर हीच खूण म्हणजे जमिनीत गाडलेला अर्थिंगचा रॉड. आणि काढणाऱ्याच्या मनात तिथे नुसता न्यूट्रल असण्याचीही शक्यता आहे.

एमिटरखालची खूण निरुपद्रवी आहे, ती फक्त उणे आहे. दुसरी मात्र कशीही वाचली तरी मला सोडून देता येत नाही. न्यूट्रल म्हणून काढली असेल, तर पहिला धोका असा की सर्किट वाचायचा नियमच सांगतो, एकसारख्या खुणा म्हणजे एकच बिंदू. नियम पाळणारा कुणी मुलगा बारा व्होल्टचा उणे आणि अडॅप्टरकडचा न्यूट्रल एकत्र जोडून टाकेल. अडॅप्टरच्या आत २३० आणि १२ व्होल्ट एकमेकांपासून तोडलेले असतात, तीच भिंत यामुळे पडते. पुढे कुठे न्यूट्रल तुटला तर हौदातल्या सळ्यांवर फेज येऊ शकतो आणि हौदात हात घालणारा माणूस जाऊ शकतो.

अर्थिंग म्हणून काढली असेल तर धोका वेगळा. शेतावर पंपाला तीन फेज येतात आणि न्यूट्रल पेटीपर्यंत नसेल, तर एक फेज आणि अर्थिंगचा रॉड घेऊन काम भागवलेलं मी अनेक पेट्यांत पाहिलं आहे. अडॅप्टर फार थोडा करंट घेतो, त्यामुळे ते चालतंही, आणि म्हणूनच कुणाला खटकत नाही. पण रॉडकडे जाणारी वायर गंजून तुटली की तिच्या अलीकडचं सगळं, म्हणजे लोखंडी पेटी आणि मोटारीची बॉडी, अडॅप्टरमधून फेजशी जोडलेलं राहतं. ज्या वायरने माणसाला वाचवायचं तीच शॉक देते. अर्थिंग कधीही करंट परतीची वाट म्हणून वापरायची नाही, थोड्या करंटसाठीसुद्धा नाही.

न्यूट्रल नसेल तर योग्य उपाय म्हणजे ४१५ ते २३० व्होल्टचा छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, १०० व्हीएचा पुरतो. तो दोन फेजांमध्ये जोडायचा, आधी फ्यूज घालून, आणि अडॅप्टर त्याच्या २३० वर लावायचा. बारा व्होल्टचा उणे मग पेटीतल्या कशालाच जोडायचा नाही. स्वस्तातलं गणित यामुळे मोडतं हे मला कळतं, पण इथे काटकसर करू नका.

ट्रान्सफॉर्मरचा दुसरा उपयोगही आहे, आणि तो कागदावर न लिहिलेल्या गोष्टीशी जोडलेला आहे. तुमच्या चित्रात रिलेच्या कॉन्टॅक्टपुढे नुसतं ‘कॉइल’ लिहिलंय. शेतातल्या थ्री-फेज स्टार्टरची कॉइल बऱ्याचदा ४१५ व्होल्टची, दोन फेजांमध्ये जोडलेली असते. तुम्ही आणणार तो चौकोनी छोटा रिले पाहा, त्यावर ७ किंवा १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी असं छापलेलं असेल. अँपिअर भरपूर आहेत म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण मर्यादा व्होल्टची ओलांडली जाते. कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगी विझत नाही, टोकं चिकटतात, आणि हौद भरूनही मोटार चालूच राहते. शिवाय त्या रिलेच्या पायांमधलं आणि तुमच्या बोर्डवरच्या पट्ट्यांमधलं अंतर ४१५ व्होल्टसाठी नसतं, आणि पलीकडे त्याच बोर्डवर हौदाच्या सळ्या आहेत. तुमच्या स्टार्टरला २३० व्होल्टची कॉइल मिळत असेल तर ती बदलून घ्या आणि कॉइलची सगळी वाट, म्हणजे स्टॉप बटण, ओव्हरलोड, होल्डिंग कॉन्टॅक्ट आणि हा रिले, ट्रान्सफॉर्मरच्या २३० वर आणा. कॉइल मिळत नसेल तर २३० कॉइलचा एक लहान कॉन्टॅक्टर मध्ये घ्या. रिले त्याला चालवेल आणि त्याचा ४१५ झेपणारा एनसी कॉन्टॅक्ट मूळ कॉइलची वाट तोडेल.

एनसी म्हणालो, कारण कॉन्टॅक्टजवळची अक्षरंही पुसली आहेत. स्टॉप बटणाच्या मालिकेत एनसीच हवा. रिले शांत असताना जोडलेला, पाणी टेकल्यावर तुटणारा. एनओ लावला तर हौद रिकामा असताना मोटार सुरूच होणार नाही. ते लगेच कळतं, त्यात धोका नाही. या मांडणीची एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या: अडॅप्टर बंद पडला तर मोटार थांबणार नाही आणि हौद ओसंडेल.

शेवटचा प्रश्न तुम्हालाच. पेटीत ऑटो स्विच आहे का? रात्री लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून आपल्याकडे बहुतेकांनी बसवलेला असतो. ऑटो नसेल तर हे सर्किट एकदा मोटार बंद करेल आणि स्टार्ट बटण दाबेपर्यंत ती बंदच राहील. ते उत्तम. पण ऑटो असेल तर ठिबकने पाणी ओढलं, पातळी सळीखाली बोटभर गेली की मोटार पुन्हा सुरू, दोन मिनिटांत पुन्हा बंद. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. असं दिवसभर चाललं तर वाइंडिंग तापून जाईल. अशा वेळी हौदात खाली तिसरी सळी घ्यावी लागते आणि दोन सेट कॉन्टॅक्टचा रिले लागतो. वरच्या सळीला पाणी टेकलं की रिले ओढतो आणि स्वतःच्या दुसऱ्या कॉन्टॅक्टने खालच्या सळीवर धरून राहतो, पाणी तिच्याही खाली गेलं की सुटतो. ते चित्र वेगळं काढावं लागेल.

तोवर बारा व्होल्टचा भाग घरी टेबलावर बनवून बादलीत तपासा. पाणी लावलं की रिलेचा एकदाच टक असा आवाज यायला हवा, थरथर नको. पाणी काढलं की पुन्हा एकदा टक. एनसी कॉन्टॅक्टवर मीटर बीपवर ठेवून पाहा: कोरडं असताना बीप, पाण्यात बंद. पाच मिनिटं पाण्यात ठेवून दुसऱ्या ट्रान्झिस्टरला बोट लावा, तो कोमटच्या वर जायला नको. पेटीतलं काम मात्र परवाना असलेल्या वायरमनकडूनच, मेन बंद करून.

मला तीन फोटो पाठवा. एक, त्याच कागदाचा, दिवसा उजेडात, कागद सपाट ठेवून बरोबर वरून काढलेला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर बारीक रेघा पुसल्या जातात. दुसरा, मेन बंद असताना स्टार्टरच्या कॉइलवर छापलेल्या अक्षरांचा. तिसरा, उघड्या पेटीचा, जिथे येणाऱ्या सगळ्या वायरी मोजता येतील. आणि ज्यांनी कागद काढला त्यांना अडॅप्टरजवळच्या तीन रेघांचा अर्थ विचारा. ते ‘अर्थिंग’ म्हणाले, तर तो भाग कागदावरून खोडून टाका.